घराचा पाया : मुरूम लागला, पण खणायचं किती?

शिरोळ, हातकणंगले भागातल्या काळ्या रानात घराचा पाया काळ्या मातीत ठेवू नये. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. तिच्या खाली काळा दगड झिजून झालेला मुरूम असतो. पाया त्यात बसवावा.

मुरमाचा रंग दिसला की खणणं थांबवू नये. वरचा मुरूम बऱ्याचदा मऊ असतो. त्याचा खडा रात्रभर पाण्यात ठेवावा. सकाळी त्याचा चिखल झाला असेल तर अजून खाली जायचं. खडा टिकला आणि टिकावाने खणायला जड जाऊ लागलं, तर तो कठीण मुरूम. त्यात साधारण एक फूट शिरावं.

समजा, तीन कोपऱ्यांत कठीण मुरूम पाच फुटांवर लागला आणि चौथ्यात सात फुटांवर. मग तीन खड्डे सहा फूट, चौथा आठ फूट. चौथाही सहावरच थांबवला तर तेवढाच कोपरा खचतो.

पहार ठणकन वाजली तरी तो सुटा धोंडा असू शकतो, म्हणून बाजूने खणून बघावं. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर मऊ झालेला थर काढून मगच काँक्रीट टाकावं. दहा फुटांपर्यंत मुरूम लागलाच नाही, तर पुढचं इंजिनिअरला विचारूनच ठरवावं.