अँटी-अलायझिंग (संगणकीय खेळांतील)

संगणकीय खेळाच्या चित्रात तिरप्या कडांवर उमटणाऱ्या पायऱ्या, बारीक तारांचे तुटणे आणि चकाकत्या पृष्ठभागांवरची लुकलुक कमी करणाऱ्या तंत्रांचे सामूहिक नाव. पडद्यावरचा पिक्सेल एका वेळी एकच रंग दाखवतो. तो रंग ठरवताना दृश्याचा नमुना एकाच बिंदूवर घेतला, तर कड पिक्सेलच्या मधून गेलेली असली तरी पिक्सेल पूर्ण आतला किंवा पूर्ण बाहेरचा ठरतो आणि पायरी दिसते. एका पिक्सेलसाठी अनेक नमुने घेऊन त्यांची सरासरी काढणे हा मूळ उपाय. एमएसएए हे जादा नमुने त्याच फ्रेममध्ये घेते, टीएए ते मागच्या फ्रेममधून आणते आणि एफएक्सएए नवे नमुने न घेता तयार चित्रावरच काम करते. चित्र मऊ किंवा धूसर का पडते, याचे उत्तर बहुतांशी या फरकातच मिळते.

एमएसएए (मल्टिसँपल). प्रत्येक पिक्सेलमध्ये बहुधा 2, 4 किंवा 8 बिंदू ठरवलेले असतात. त्रिकोण यांतले किती बिंदू झाकतो आणि त्या ठिकाणी त्याची खोली किती, हे प्रत्येक बिंदूवर तपासले जाते; रंगाचे महागडे गणित मात्र प्रत्येक त्रिकोणासाठी पिक्सेलमागे एकदाच होते. त्रिकोणाच्या आतल्या भागात सर्व बिंदूंना एकच रंग मिळतो. त्यामुळे टेक्स्चरचा तपशील जसाच्या तसा राहतो आणि फक्त कडा मिसळतात. ही पद्धत चित्र मऊ करत नाही, ते याच कारणाने. मर्यादाही तिथेच आहे : त्रिकोणाच्या आत उद्भवणारी लुकलुक, उदा. ओल्या रस्त्यावरची चकाकी, तिला दिसतच नाही. जाळी किंवा पानांचा आकार टेक्स्चरच्या पारदर्शकतेतून कापलेला असेल, तर वेगळी तजवीज करावी लागते.

डिफर्ड शेडिंग रूढ झाल्यावर ही पद्धत मागे पडली. या रचनेत रंग, दिशा, खडबडीतपणा अशी माहिती आधी वेगवेगळ्या पटलांवर साठवतात आणि प्रकाशाचे गणित नंतर करतात. 1920×1080 चित्रासाठी पिक्सेलमागे 4 बाइटची पाच पटले धरली तर सुमारे 41 मेगाबाइट लागतात. चौपट नमुन्यांसाठी तीच गरज सुमारे 166 मेगाबाइटवर जाते, आणि कडांवरच्या पिक्सेलमध्ये प्रकाशाचे गणित नमुन्यागणिक करावे लागते. फॉरवर्ड पद्धतीने चित्र काढणाऱ्या खेळांत, विशेषतः व्हीआरमध्ये, एमएसएए अजून वापरतात. ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ (2020) हे त्याचे उदाहरण.

एफएक्सएए (फास्ट ॲप्रॉक्झिमेट). एनव्हिडियातील टिमथी लॉट्स यांनी 2009 मध्ये मांडलेली पद्धत. पिक्सेलची आणि त्याच्या चार शेजाऱ्यांची उजळता तपासतात. फरक पुरेसा असेल तर कड आडवी की उभी हे ठरवतात, कडेच्या दोन्ही टोकांपर्यंत चाचपत जातात आणि त्यानुसार रंग पिक्सेलच्या थोडा बाजूचा वाचतात. हा सगळा खटाटोप एकाच फेरीत होत असल्याने खर्च अत्यल्प. पण हातात फक्त उजळतेतला फरक असतो. भिंतीची कड, विटांमधली सांध आणि फलकावरचे अक्षर यांतला भेद या पद्धतीला कळत नाही. टेक्स्चरचा ठळक तपशीलही ती कड समजून मिसळते. गुण आणि नकाशा दाखवणारे पटल आधी काढून नंतर एफएक्सएए चालवले, तर त्यावरचा मजकूरही पुसट होतो. तुटलेली तार ती जोडू शकत नाही, कारण मधले तुकडे चित्रात नसतातच.

टीएए (टेंपोरल). सध्याच्या मोठ्या खेळांतली प्रमुख पद्धत. ब्रायन कॅरिस यांनी 2014 च्या सिग्राफमध्ये अनरियल एंजिन 4 मधील तिची रचना सविस्तर मांडली. प्रत्येक फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या अंशाइतका सरकवतात, म्हणजे नमुना दर वेळी वेगळ्या जागी पडतो. नवी फ्रेम साठवलेल्या ‘इतिहासा’त थोड्या वजनाने मिसळतात. हे वजन 0.1 असेल, तर स्थिर दृश्यात परिणाम 19 नमुन्यांच्या सरासरीइतका मिळतो. चकाकी, जाळी, पाने सगळेच यात शांत होते; एमएसएएला जे जमत नाही ते इथे जमते.

अडचण हालचालीत येते. पिक्सेलवरची वस्तू मागच्या फ्रेममध्ये कुठे होती हे वेगाच्या पटलावरून काढतात आणि इतिहास तिथून वाचतात. ती जागा सहसा दोन पिक्सेलच्या मध्ये पडते, म्हणून शेजारच्या पिक्सेलचे मिश्रण घ्यावे लागते. काळ्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल रुंदीची पांढरी उभी रेघ फ्रेममागे अर्धा पिक्सेल सरकते असे धरू. साध्या रेषीय मिश्रणाने पहिल्या वाचनानंतर तिची उजळता दोन पिक्सेलांत 50-50 टक्के वाटली जाते. दुसऱ्यानंतर 25, 50, 25 असे तीन पिक्सेल होतात. चौथ्यानंतर ती पाच पिक्सेलांवर पसरते आणि मध्यभागी 37.5 टक्केच उरते. हे मिश्रण पुन्हा इतिहासात जाते आणि पुढच्या फ्रेमला पुन्हा मिसळले जाते. नव्या फ्रेमचे वजन 0.1 धरून गणित केले, तर पसरण्याचे प्रमाण विचलन सुमारे दीड पिक्सेलवर स्थिरावते. सरकणे फ्रेममागे बरोबर पूर्ण पिक्सेलइतके असेल, तर या कारणाने धूसरपणा येत नाही.

दुसरी अडचण जुन्या रंगांची. वस्तू सरकल्यावर मागे उघडी पडलेली भिंत आधी दिसतच नव्हती. तिथला इतिहास चुकीचा असतो. म्हणून इतिहासाचा रंग चालू फ्रेममधल्या 3×3 शेजाऱ्यांच्या रंगमर्यादेत आणून बसवतात. ही मर्यादा सैल ठेवली तर वस्तूमागे भुताटकीसारखी छटा ओढली जाते. घट्ट ठेवली तर एखाद्या फ्रेममध्ये नमुन्याने हुकवलेली बारीक तार इतिहासातूनही पुसली जाते आणि लुकलुक परतते.

ओळखण्याची रीत. फलकावरच्या अक्षरांसमोर उभे राहून कॅमेरा हळू फिरवावा आणि थांबावे. फिरताना अक्षरे पुसट झाली आणि थांबल्यावर सावरली तर कारण टीएए. वजन 0.1 असता जुन्या चित्राचा वाटा दहा टक्क्यांखाली यायला 22 फ्रेम लागतात : 60 फ्रेमच्या वेगाला सुमारे 0.37 सेकंद, 30 ला दुप्पट. थांबूनही पुसटपणा तसाच राहिला, तर एफएक्सएए किंवा कमी रेझोल्यूशनवरून मोठे केलेले चित्र यांचा संशय घ्यावा. हालचालीचा धूसर परिणाम, म्हणजे मोशन ब्लर, आधी बंद करावा. नाहीतर कसोटी फसते.

उपाय. इतिहास वाचताना रेषीय मिश्रणाऐवजी कॅटमल-रॉम गाळणी वापरली तर कड अधिक टिकते. टेक्स्चर अधिक तपशीलवार पातळीवरून वाचणे (ऋण मिप-बायस) आणि शेवटी शार्पनिंग हेही प्रचलित आहेत. मात्र शार्पनिंग गेलेला तपशील परत आणत नाही, उरलेल्या कडांतला फरक वाढवते. अनरियलमध्ये नव्या फ्रेमचे वजन पुढील ओळीने बदलता येते. मूळ किंमत 0.04 असते.

```
r.TemporalAACurrentFrameWeight 0.1
```

वजन वाढवले की धूसरपणा घटतो आणि लुकलुक वाढते. दोन्ही एकाच वेळी या एका आकड्याने साधत नाहीत. धूसरपणा पिक्सेलांत मोजला जात असल्याने, फ्रेममागे पिक्सेलांतले सरकणे सारखेच धरले, तर त्याच पडद्यावर 1080 ऐवजी 4के रेझोल्यूशन वापरल्यास तो निम्म्या रुंदीचा दिसतो.

नंतरच्या पद्धती. डीएलएसएस (2.0 पासून) आणि टीएसआर यांचा पाया टीएएचाच, इतिहासातला कोणता भाग ठेवायचा याचा निर्णय त्या वेगळ्या रीतीने घेतात.