पुलित्झरच्या चरित्राचे सहा तुकडे

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात 1971 साली शाळांमधले वांशिक विभाजन मोडण्यात आले. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात बसू लागली, आणि थोड्याच दिवसांत शाळांच्या आवारात मारामाऱ्या सुरू झाल्या. टेक्सास विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांना तेव्हा मदतीला बोलावण्यात आले. या प्रयोगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, बहुतेक वंशभेदाच्या अंगाने. मला त्यात रस वाटला तो वेगळ्याच कारणाने. गटाला काम दिले की एकजण राबतो आणि बाकीचे नाव लावतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव. ऑस्टिनच्या पाचवीच्या वर्गांत तसे का झाले नाही?

अॅरन्सन आणि त्यांचे विद्यार्थी आधी नुसते वर्गात मागे बसून राहिले. बाई प्रश्न विचारत, सहा-सात हात वर होत, एकाला संधी मिळे आणि उरलेल्यांचे चेहरे पडत. इतरांचे उत्तर चुकावे, असे प्रत्येकाला वाटणे या रचनेत साहजिकच होते. इंग्रजी अडखळत बोलणारी मुले तर खाली मान घालून बसत. काही काळाने शिक्षकही त्यांना विचारीनासे होत. दोघांमध्ये जणू न बोलता तह झालेला असे.

त्यांनी बदलली ती रचनाच. एका वर्गात वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर यांचे चरित्र शिकवायचे होते. त्याचे सहा परिच्छेद पाडले आणि सहा मुलांच्या प्रत्येक गटात एकेकाला एकच परिच्छेद दिला. पूर्ण पाठ कोणाकडेच नव्हता. वेगवेगळ्या गटांतली, पण तोच परिच्छेद मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो पक्का करत आणि मग आपापल्या गटात परतून तो इतरांना समजावून सांगत. शेवटी परीक्षा मात्र ज्याची त्याने एकट्याने द्यायची, आणि तीही संपूर्ण चरित्रावर. चित्रकोड्याच्या तुकड्यांवरून या पद्धतीला 'जिगसॉ' हे नाव पडले.

अॅरन्सन यांनी एका मेक्सिकन वंशाच्या मुलाची हकिगत नोंदवली आहे. त्याला त्यांनी कार्लोस हे टोपणनाव दिले. आपला परिच्छेद सांगताना तो अडखळला, तशी गटातली मुले त्याला हिणवू लागली. देखरेख करणाऱ्या सहायिकेने त्यांना रागावण्याऐवजी एवढीच आठवण करून दिली, की चिडवून पुलित्झरच्या आयुष्याचा तो भाग कळणार नाही आणि परीक्षा तासाभरात आहे. मुलांना हिशेब कळायला काही दिवस लागले. मग ती कार्लोसला नेमके प्रश्न विचारू लागली, आणि तो बोलू लागला. माझ्या मते या प्रसंगातली किल्ली सहायिकेचा चांगुलपणा नव्हे. कार्लोसच्या तुकड्याला पर्याय नव्हता आणि परीक्षा प्रत्येकाची वेगळी होती, म्हणून तिच्या शब्दांना वजन आले. मुलांच्या हाती पूर्ण पाठ असता, तर कार्लोसला गप्प बसवून त्यांनी तो स्वतःच वाचला असता. सगळ्या गटाला मिळून एकच गुण असता, तर हुशार मुलाने एकट्यानेच सगळे लिहून काढले असते. आपल्या शाळांतल्या गटप्रकल्पाचा तक्ता बहुधा असाच तयार होतो, आणि तो बनवण्यात घरच्यांचाही हात असतो!

या रचनेत एक उणीव होती. स्वतःचा परिच्छेद मुलांना पाठ असे, दुसऱ्यांचे मात्र अर्धेमुर्धेच कळे. शिवाय, सोबत्याला नीट समजले की नाही, याची फिकीर सांगणाऱ्याने का करावी? स्वतःचा परिच्छेद नुसता वाचून दाखवला तरी त्याच्या गुणांना धक्का लागत नव्हता.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लाव्हिन यांनी नेमके हेच हेरले. त्यांच्या सुधारित जिगसॉमध्ये सगळेच पूर्ण पाठ वाचतात, पण प्रत्येकाकडे एकेका विषयाची खास जबाबदारी असते. परीक्षा एकट्याचीच, गटाचा गुण मात्र प्रत्येकाने स्वतःच्या आधीच्या सरासरीपेक्षा किती प्रगती केली यावरून काढायचा. नंतरच्या एका कोष्टकानुसार सरासरीपेक्षा दहाहून अधिक गुण वाढले तर गटाला 30, तेवढेच राहिले किंवा दहापर्यंत वाढले तर 20, किंचित घसरले तर 10. म्हणजे नेहमी 45 मिळवणाऱ्या मुलाने 56 मिळवले, तर त्याच्याकडून गटाला 30 मिळतात आणि नेहमीच्या 90 वरून 92 वर गेलेल्या मुलीकडून 20. अशा गटात कच्चा मुलगा ओझे राहत नाही, उलट त्याला शिकवणे सर्वांच्या फायद्याचे ठरते. गटाचे बक्षीस प्रत्येकाच्या स्वतंत्र शिकण्यावर अवलंबून असेल, तेव्हाच सहकारी अध्ययनाने गुणवत्ता वाढते, असा निष्कर्ष स्लाव्हिन यांनी 1983 साली अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन मांडला.

अॅरन्सन यांना मात्र अशा बक्षिसाची गरज वाटली नव्हती. त्यांचे मुख्य लक्ष्य मुलांमधले वैर कमी करणे हे होते, आणि मुले एकमेकांना अधिक पसंत करू लागली, हे त्यांच्या पाहणीत दिसलेही. गुणांच्या बाबतीत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना फायदा झाला, गोऱ्या मुलांचे काही बिघडले नाही. दोघांची मोजपट्टी वेगळी, म्हणून रचनाही वेगळ्या. आज एखाद्या वर्गात जिगसॉ चालू असल्याचे सांगितले जाते, तेव्हा मी एकच गोष्ट विचारते: कोणत्याही मुलाला उभे करून त्याच्या सोबत्याच्या तुकड्याविषयी विचारले, तर तो काय सांगतो?