आठ बिटांचे वर्तुळ : प्रस्तावना

संगणकाच्या अंकगणिताकडे वळणाऱ्या वाचकाला पहिल्यांदा अडवते ते वजा चिन्ह. कागदावर आपण ३ च्या आधी आडवी रेघ काढून मोकळे होतो. यंत्रापाशी ० आणि १ यांखेरीज तिसरी खूण नाही. मग उणे तीन लिहायचे कसे?

सहज सुचणारे उत्तर असे, की सर्वांत डावीकडचा बिट चिन्हासाठी राखावा : ० म्हणजे धन, १ म्हणजे ऋण. आयबीएम ७०९० या यंत्रात पूर्णांक याच रीतीने लिहिले जात. पण आठ बिटांत ५ आणि उणे ३ यांची साधी बेरीज करून पाहा.

```
  00000101
+ 10000011
= 10001000
```

या रीतीने वाचले तर उत्तर उणे ८ येते. म्हणजे बेरजेआधी चिन्हे तपासायची, ती वेगळी असतील तर मोठी संख्या कोणती ते ठरवायचे आणि मग वजाबाकी करायची, असा सारा खटाटोप यंत्राच्या गळ्यात पडतो. शिवाय शून्य दोन होतात, एक धन आणि एक ऋण.

आता आठ बिट म्हणजे काय, तेच नीट पाहू. त्यांच्या रचना २५६ होतात, ० पासून २५५ पर्यंत. २५५ मध्ये १ मिळवला की हातचा नवव्या घरात जाऊ पाहतो. ते घरच नसल्याने तो गळतो आणि हाती ० उरतो. म्हणजे या संख्या सरळ रेषेवर नाहीत, घड्याळाच्या तबकडीसारख्या वर्तुळावर आहेत. घड्याळाचा काटा तीन तास मागे नेला काय किंवा नऊ तास पुढे नेला काय, तो थांबतो एकाच आकड्यावर. तसेच इथे ३ घरे मागे जाणे आणि २५३ घरे पुढे जाणे एकच. मग २५३ च्या रचनेलाच उणे तीन म्हणायचे. हीच टूज कॉम्प्लिमेंट पद्धती.

```
  00000101
+ 11111101
=100000010
```

नवव्या घरातला हातचा सोडला की उरते २. कोणतेही चिन्ह तपासावे लागले नाही. हातचा सोडणे म्हणजे काहीतरी लपवणे, असे अनेकांना वाटते, तसे नाही. ५ आणि २५३ मिळून २५८ होतात. त्यांतून गळलेला हातचा म्हणजे बरोबर २५६, वर्तुळाचा एक पूर्ण फेरा. प्रत्येक ऋण संख्येऐवजी आपण तिच्याहून २५६ ने मोठी संख्या लिहितो. त्यामुळे बेरजेत चूक राहिलीच तर ती २५६ च्या पटीतच असते, आणि २५६ ने भागून बाकी घेतली की ती पट नाहीशी होते. दोन्ही संख्या ऋण असल्या तरी हेच : उणे ३ आणि उणे ४ म्हणजे २५३ आणि २५२, बेरीज ५०५, बाकी २४९, आणि २४९ म्हणजे उणे ७.

चिन्ह बदलण्यासाठी सगळे बिट उलटे करून १ मिळवायचा, हा नियम पाठ्यपुस्तकांत बहुधा कारणाशिवाय येतो. कारण सोपे आहे. संख्या आणि तिची उलट रचना यांची बेरीज म्हणजे आठही घरांत १, म्हणजे २५५. त्यात आणखी १ मिळवला की २५६, म्हणजेच ०. ज्या दोन संख्यांची बेरीज ० होते, त्या एकमेकींच्या विरुद्ध संख्या.

मर्यादा वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला आहे. अर्धे वर्तुळ ऋण मानले की उणे १२८ पासून १२७ पर्यंतच्या संख्या मावतात. १०० आणि ५० यांची बेरीज १५०, पण ती रचना उणे १०६ अशी वाचली जाते. दोन धन संख्यांचे उत्तर ऋण आले, किंवा दोन ऋणांचे धन आले, की बेरीज मर्यादेबाहेर गेली हे ओळखावे. भिन्न चिन्हांच्या बेरजेत असे कधीच घडत नाही. यंत्र हेच दुसऱ्या रीतीने पाहते : शेवटच्या घरात आलेला हातचा आणि तिथून बाहेर पडलेला हातचा सारखे नसतील, तर उत्तर चुकले. नुसता बाहेर पडलेला हातचा ही चुकीची खूण नव्हे. ५ आणि उणे ३ यांच्या बेरजेत तो बाहेर पडला आणि उत्तर बरोबरच होते.

जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ च्या एडव्हॅक अहवालात ऋण संख्यांसाठी हाच मार्ग धरला होता. १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० मध्ये पूर्णांकांसाठी हीच पद्धती आली. आजच्या x86 प्रोसेसरमध्ये चिन्ह असलेल्या आणि नसलेल्या संख्यांसाठी `ADD` ही एकच आज्ञा पुरते. भागाकारासाठी मात्र `DIV` आणि `IDIV` अशा दोन आज्ञा लागतात, कारण २५३ ला २ ने भागणे आणि उणे ३ ला २ ने भागणे यांची उत्तरे वर्तुळावर एकाच घरात पडत नाहीत. लहानमोठे ठरवतानाही तेच : २५३ हे ५ हून मोठे, उणे ३ लहान. बेरजेला फक्त वर्तुळ लागते. तुलनेला आणि भागाकाराला ते कुठे कापले, हेही कळावे लागते.

पुढच्या प्रकरणांत शिरण्याआधी वाचकाने कागदावर चार बिटांचे, सोळा घरांचे वर्तुळ काढावे, निम्म्या घरांना ऋण नावे द्यावीत आणि उणे ८ चे चिन्ह बदलून पाहावे. बिट उलटे करून १ मिळवला की पुन्हा उणे ८ च हाती येतो. तो शून्याच्या अगदी समोरच्या घरात आहे. त्याच्यापासून दोन्ही बाजूंनी शून्य आठच घरांवर आहे.