काम बाहेर गेलं म्हणजे नेमकं कुठे गेलं? लोहाऱ्याच्या डेनिमवरून दोन शब्दांचा इतिहास

आजच्या व्याख्यानासाठी आपण दोन शब्द घेतले आहेत, आउटसोर्सिंग आणि ऑफशोअरिंग. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुण्या-बंगळुरूचं कॉल सेंटर उभं राहतं. आपण मात्र यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणार आहोत. तिथे जीन्सचं कापड, म्हणजे डेनिम तयार होतं.

आधी अर्थ पक्के करू. त्यासाठी दोन प्रश्न विचारायचे. काम कोण करतं? आणि काम कुठे होतं? पूर्वी स्वतः करत असलेलं किंवा सहज करू शकलो असतो असं काम कंपनीने दुसऱ्या कंपनीला दिलं, तर ते आउटसोर्सिंग. मग ती दुसरी कंपनी शेजारच्या गल्लीत का असेना. काम देशाबाहेर नेलं तर ते ऑफशोअरिंग, मग तिथला कारखाना स्वतःचाच का असेना. पहिल्या शब्दात कंपनीची हद्द ओलांडली जाते, दुसऱ्यात देशाची. कधी एकच हद्द ओलांडली जाते, कधी दोन्ही.

फक्त पहिली हद्द ओलांडल्याचं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पण बाजारात गिरण्यांचं कापड पूर्ण थांबलं नाही. कारण विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे देण्याची वाट आधीच पडलेली होती. माग भिवंडीचा, शिक्का गिरणीचा. यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये मजुरी कमी होती, संघटना नव्हती आणि कारखाना कायद्याचे बरेच नियम तिथपर्यंत पोचत नव्हते. काम मुंबईपासून काही मैलांवरच गेलं, देश सोडून गेलं नाही. तरीही गिरणगावातल्या माणसाच्या हातातून ते गेलंच.

आता लोहाऱ्याकडे येऊ. वऱ्हाडचा कापूस परदेशी जाणं जुनं आहे. 1861 ते 1865 या अमेरिकेच्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. पुढे जिनिंग-प्रेसिंग इथे होऊ लागलं, सरकी काढून गाठी बांधल्या जात. पण सूत आणि कापड बहुतेक दुसरीकडेच होत असे. या साखळीत आपल्या वाट्याला पहिली पायरी आली होती.

1990 च्या दशकात रेमंडने यवतमाळला डेनिमचा कारखाना काढला. मग 2006 मध्ये बेल्जियममधल्या घेंट शहराच्या यूको या कंपनीशी रेमंडने निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार केला. हिशेब सरळ होता. यूकोकडे युरोपातले ग्राहक होते, इकडे कापूस जवळ आणि खर्च कमी. त्यानंतर काही वर्षांतच घेंटमधलं डेनिमचं उत्पादन बंद झालं. आपल्या दोन प्रश्नांवर हे तपासा. काम घेंटला होईना आणि यवतमाळला होत राहिलं, म्हणजे देशाची हद्द ओलांडली गेली. पण काम परक्या कंपनीला दिलं असं म्हणता येत नाही, कारण दोन्हीकडे भागीदारीच होती. म्हणून हे ऑफशोअरिंग आहे, शुद्ध आउटसोर्सिंग नाही.

इतिहासाची गंमत अशी, की घेंटलाही हे काम कुठून तरी आलेलंच होतं. 1800 च्या सुमारास लीव्हन बाउवेन्स या उद्योजकाने इंग्लंडमधून सूतकताईचं यंत्र चोरून आणलं आणि त्यावर घेंटचा कापड उद्योग उभा राहिला. तेव्हा इंग्लंडला यंत्र बाहेर जाण्याची भीती होती, दोनशे वर्षांनी घेंटला नोकऱ्या बाहेर जाण्याची.

मग प्रश्न असा, की दोन्ही हद्दी कोण ओलांडतं? जीन्सचे मोठे ब्रँड. लेव्हाय स्ट्रॉसने अमेरिकेतले आपले शेवटचे शिलाई कारखाने 2003-04 मध्ये बंद केले. शिलाई परदेशात गेली, आणि तीही दुसऱ्यांच्या कारखान्यांत. ब्रँडकडे राहिलं डिझाइन, नाव आणि विक्री. शिवाय 1 जानेवारी 2005 ला कापड-कपड्यांच्या आयातीवरचा जागतिक कोटा संपला आणि ही वाट रुंद झाली.

कंपन्या हे का करतात? स्वस्त मजुरी, हे अर्धं उत्तर. दुसरं अर्धं असं, की फॅशन पडली तर रिकाम्या मागाचं व्याज आणि पगार आपल्याला नको. चढउताराचा धोका पुरवठादाराकडे ढकलता येतो. पण मग सगळंच बाहेर का देत नाहीत? रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने 1937 मध्ये याच्या मुळाशी हात घातला. बाजारातून काम करून घ्यायलाही खर्च येतो: माणूस शोधणं, भाव ठरवणं, करार करणं, लक्ष ठेवणं. हा खर्च घरच्या खर्चापेक्षा कमी असेल तेवढंच काम बाहेर जातं.

डेनिममध्ये हा खर्च डोळ्यांनी दिसतो. डेनिमचा उभा धागा निळीत रंगवलेला आणि आडवा पांढरा असतो. धागा निळीत बुडवायचा, हवा लागू द्यायची, पुन्हा बुडवायचा, असं अनेकदा होतं. त्यामुळे एका तागाची छटा दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळी येतेच. ती शिवल्यावर आणि धुतल्यावर कळली तर उशीर झालेला असतो. म्हणून प्रत्येक तागाचा एक तुकडा कापतात, सगळे तुकडे गोधडीसारखे जोडून शिवतात, धुतात, आणि सारख्या छटेचे तागे वेगळे लावतात. एका पँटचे दोन पाय एकाच गटातून कापायचे असतात.

समजा हे न करता पँट शिवली आणि पाय वेगळे दिसले. दोष कोणाचा? बऱ्याचदा ब्रँड गिरणीचं नाव सुचवतो, पण कापड विकत घेतो शिलाई कारखाना. म्हणजे ब्रँडचा गिरणीशी खरेदीचा व्यवहारच नसतो. गिरणी म्हणते, छटेच्या खुणा दिल्या होत्या. कारखाना म्हणतो, ब्रँडने सांगितलेलंच कापड घेतलं. काम तीन ठिकाणी वाटलं गेलं की जबाबदारीही तीन ठिकाणी पातळ होते.

पँटच्या बाबतीत हा पैशांचा तंटा असतो, माणसांच्या बाबतीत तसा राहत नाही. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक माणसं मेली. ढिगाऱ्यात लेबलं सापडली तरी काही ब्रँड म्हणाले, आम्ही इथे काम द्यायला सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने याला एक छोटं उत्तर दिलं होतं: ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी. पण ही जबाबदारी एका देशातली आणि एका पायरीची होती. समुद्रापलीकडच्या ब्रँडपर्यंत तो कायदा पोचत नव्हता.

म्हणून 'आउटसोर्सिंग' ऐकलं की आपण आपले दोन प्रश्न विचारावेत, आणि त्यात तिसऱ्याची भर घालावी. काम कोण करतं, कुठे होतं, आणि बिघडलं तर भरपाई कोण देतं? पहिल्या दोन्हींची उत्तरं बहुधा करारात सापडतात. तिसऱ्याचं सापडत नसेल, तर धोका खालच्या पायरीवरच्या माणसाकडे ढकलला गेला आहे असं समजावं.