टेरिकॉटचे कोपरे

जिना चढताना तुमच्या काळातले टॉवर मागे पडतात. वर पोचता तेव्हा मे 1982 आहे, लालबागची चाळ आहे, आणि दुपारच्या पाळीची वेळ होऊनही भोंगा वाजलेला नाही. 18 जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू आहे. दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई जमिनीवर नवऱ्याचे पाच शर्ट पसरून बसली आहे. नवरा साचेखात्यात होता. फेब्रुवारीत गेला, खोकल्यानं. मुलाला, बाळ्याला, तिनं पाटणला आजोबांकडे पाठवायचं ठरवलंय. ती इथंच राहून चार जणांचे डबे करणार. पाटणचा पाऊस लागायच्या आत गोधडी व्हायला हवी.

दारात उभे राहू नका, उजेड अडतो. तिला तो लागणारच आहे.

ती आधी शर्ट उसवते. कॉलर आणि कफ बाजूला टाकते, कारण त्यांच्या घड्या फाटलेल्याच असतात. उरलेला प्रत्येक भाग खिडकीशी धरून बघते, मग दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणते. वीण उघडून उजेड दिसला की ते कापड विरलेलं, बाहेरून कितीही धड दिसो. काखा घामानं गेल्यात. पोटापाशीही तसंच. साच्यावर वाकून तुटलेला धागा जोडताना शर्ट तिथंच घासायचा. पाठी मात्र शाबूत आहेत. पॉपलिनच्या चार शर्टांच्या चार पाठी आणि बाह्यांचे चांगले तुकडे, एवढ्यावर वरची बाजू निघेल असा तिचा अंदाज आहे. गोधडी चार फूट रुंद, साडेपाच फूट लांब.

आतला भर तिच्या जुन्या नऊवारीचा. सत्तावीस फूट लुगडं, त्यातला फाटका शेवट कापला तरी साडेपाच फुटांच्या चार घड्या सहज बसतात. अस्तराला दुसरं लुगडं. लुगड्याचा पन्ना गोधडीच्या रुंदीला पुरतो, त्यामुळे मध्ये जोड द्यावा लागत नाही.

अडचण पाचव्या शर्टाची. तो टेरिकॉटचा, निळा, दिवाळीला घेतलेला. बाळ्याला तोच मधोमध हवाय.

"आई, हा मोठाच्या मोठा लाव."

शेजारच्या काकू उंबऱ्यात तांदूळ निवडताहेत. "नको गं बाई. सुती कापड धुतलं की आटतं, ह्याला काही होत नाही. मधे फुगा येईल बघ."

काकूंचं बरोबर आहे. सुई घातली तरी ते कापड निसटतं, कापलेल्या कडेचे धागे सुटत राहतात. पण तुम्हीही बाळ्याच्याच बाजूचे असाल, तर थोडं थांबा. ती टेरिकॉटचे लहान चौकोन कापते, कर्णावर घडी घालून त्रिकोण करते, आणि चारी कोपऱ्यांवर बसवते. एवढ्याशा तुकड्यात आटण्याचा फरक जाणवत नाही. शिवाय गोधडी उचलताना, झटकताना हात पडतो तो कोपऱ्यावरच, आणि टेरिकॉट चिवट. उरलेल्यातून खिसा निघतो. तो ती डोक्याकडच्या बाजूला लावते, तोंड उघडं ठेवून. गिरणीचा पास त्यातच असायचा.

मग सगळे थर पसरून लांब कच्चे टाके. हे टाळलं तर पुढं पस्तावा ठरलेला: खोली लहान, रात्री झोपायला गोधडी गुंडाळून ठेवावी लागते, आणि गुंडाळताना थर सरकतात. पक्का धावदोरा ती कडेनं सुरू करते. एक फेरी पूर्ण झाली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, असं आत आत. दर हातभर अंतरावर तळवा फिरवून बघते. कापड पुढं ढकललं जात असेल तर तळव्याला लाट लागते. तेवढाच दोरा उसवायचा आणि पुन्हा घालायचा. एकदा ती कंटाळून तशीच पुढं जाते, आणि मधल्या पाठीवर चुणी बसते. ती चुणी मग तशीच राहिली.

मधला शेवटचा भाग बंद करायच्या आधी ती पोळीचा वाळका तुकडा कापडात गुंडाळून आत सारते. गोधडी उपाशी ठेवू नये, असं तिची सासू म्हणायची. मुंग्या लागतील, हे तुमच्या ओठावर येईल. बोलू नका.

बाळ्या खिशात हात घालून बघतो.

"ह्यात काय ठेवू?"

"पेन्सिल ठेव. आणि धुवायला टाकताना काढत जा, नाहीतर आजीच्या शिव्या खाशील."

जूनच्या आधी तो एसटीनं गेला. गोधडी बारा पावसाळे चालली. आधी विरल्या त्या पॉपलिनच्या पाठी. टेरिकॉटचे चारही कोपरे शेवटपर्यंत धड होते.