चाळीसगावचा टांगा आणि साडेअकरा पौंड

गोष्ट १९२९ सालची आहे आणि आपल्या चाळीसगावची आहे.

मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला एक समिती नेमली होती. तिचे एक सदस्य धुळ्याकडच्या एका गावात बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करून चाळीसगाव स्टेशनवर उतरले. वस्तीतली माणसं स्वागताला आली होती आणि रात्री इथंच मुक्काम करा म्हणत होती. वस्ती लांब नव्हती, पण एवढ्या मोठ्या माणसाला पायी कसं न्यायचं? टांगा शोधायला गेले तर एकही टांगेवाला या पाहुण्याला बसवायला तयार होईना. शेवटी तोडगा निघाला, तो असा की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. वस्तीतलाच एक जण हाकायला बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीवर घोडा उधळला, पाहुणा दगडांवर फेकला गेला आणि त्याचा पाय मोडला.

ते पाहुणे म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा त्यांच्याकडे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. होती, लंडनची डी.एस्सी. होती आणि ते ग्रेज इनचे बॅरिस्टर होते. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवलाय.

दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हाच्या त्यांच्या मुक्कामाची ती आठवण. तिथं भाषणांमध्ये पदव्यांची यादी दरवर्षी ऐकतो. पण ज्या घरात महिन्याला पन्नास रुपये पेन्शन यायची, त्या घरातला मुलगा अमेरिकेला आणि लंडनला शिकला तो कोणाच्या पैशावर, हा हिशोब फारसा कोणी सांगत नाही. आज तोच मांडतो.

पहिला माणूस राजा नाही, शिक्षक आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर. भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. हा भाग सगळ्यांना माहीत आहे. पण गुरुजींचं खरं काम त्यानंतरचं. इंटरनंतर सुभेदार रामजींना कॉलेजचा खर्च झेपेना. तेव्हा गुरुजी मुलाला घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना भेटले. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करू, असं महाराज आधी बोलले होते, त्याची आठवण गुरुजींनी करून दिली. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले आणि महिना पंचवीस रुपये सुरू झाले. त्यावर बी.ए. झालं. आता गुरुजींनी स्वतःच्या खिशातून किती दिले, हा प्रश्नच नाही. कोणाचं दार ठोठवायचं हे त्यांना ठाऊक होतं आणि ते मुलाबरोबर चालत गेले. गरीब मुलाकडे पैसा नसतोच, पण त्याहून जास्त करून ही ओळख नसते.

दुसरा पैसा १९१३ सालचा. फेब्रुवारीत वडील वारले आणि जूनमध्ये बडोद्यात करारावर सही झाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, जून १९१३ ते जून १९१६. त्या वेळी एका पौंडाला पंधरा रुपये पडायचे. म्हणजे महिन्याला साधारण १७२ रुपये, तीन वर्षांचे ४१४ पौंड, म्हणजे सव्वासहा हजारांच्या आत. वडिलांच्या पेन्शनच्या मानाने डोंगर, पण न्यूयॉर्कमध्ये राहायला, खायला आणि पुस्तकांना बेताचेच. त्यातूनही ते घरी पैसे पाठवायचे.

आणि ही बक्षिसी नव्हती बरं का. शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, ही अट होती. मुदतीचं घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू होतं. म्हणून तर १९१५ मध्ये एम.ए., मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध आणि लगेच पुढचा प्रबंध, अशी घाई दिसते. ती नुसती हुशारी नव्हती, शिष्यवृत्तीची तारीख संपत आली होती.

मुदत वाढवून घेऊन ते १९१६ मध्ये लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. पण बडोद्याच्या दिवाणांचं बोलावणं आलं, पैसा थांबला आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने एक उपकार केला. चार वर्षांच्या आत परत येऊन पूर्ण करा, अशी परवानगी दिली.

बडोद्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कचेरीत शिपाई फायली लांबून फेकायचे. राहायला खोली मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. दहा वर्षांच्या नोकरीचा करार तिथंच मोडला. नीट बघा, राजाने शिक्षणाचा खर्च केला, पण त्याच राजाच्या राजधानीत त्या विद्वानाला एक खोली मिळाली नाही. वर नोकरी झाली नाही म्हणून संस्थानाने पुढे शिष्यवृत्तीचे पैसे परत मागितले. तरीही १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक छापलं, ते बाबासाहेबांनी सयाजीरावांनाच अर्पण केलं. राजा आणि त्याची व्यवस्था यांतला फरक त्यांना कळत होता.

आता लंडनचं अर्धवट काम. यावेळी कोणतीही शिष्यवृत्ती नव्हती. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगार ४५० रुपये. राहायचं मात्र परळच्या चाळीत दोन खोल्यांत. त्या पगारातून जमेल तेवढं बाजूला टाकलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. आणि पाच हजार रुपये उसने दिले नवल भथेना यांनी. हे कोलंबियातले त्यांचे खोलीतले सोबती, पारशी. राजा नाही, पुढारी नाही, दोस्त. हे तीन पैसे जोडून जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले.

इथं एक गोष्ट थांबून समजून घ्यायला पाहिजे. पैसे रुपयांत जमवले होते, खर्च पौंडांत होता. १९२० च्या सुरुवातीला रुपयाला दोन शिलिंगांच्यावर भाव मिळत होता. वर्षभरात तो सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. वीस शिलिंगांचा एक पौंड. भथेनांच्या पाच हजारांपुरताच हिशोब करा. दोन शिलिंगांच्या भावाने त्याचे पाचशे पौंड होतात, सव्वा शिलिंगाने तीनशे बारा. रुपये तेवढेच, पण लंडनमधला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा हवेत उडाला. ज्याने सगळे पैसे एकदम बदलून ठेवलेले नाहीत, त्याचं अंदाजपत्रक कोलमडणारच.

तेच झालं. सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. कारण हेच, हुंडणावळीचा भाव पडला. बॅरिस्टरीची फी भरायची होती आणि परतीचा प्रवास होता. आणि योगायोग बघा, याच काळात ते ज्या विषयावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते तो विषय होता रुपयाचा प्रश्न. रुपया आणि पौंड यांच्या भावाचं नियमन कोण करतं आणि त्यात मार कोणाला बसतो, हा त्या ग्रंथाचा गाभा. तो मार ते स्वतः रोज खात होते. मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब परत आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. हाती आली.

आणखी एक देणगीदार आहे, त्याचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. रमाबाई. नवरा परदेशात असताना परळच्या त्या दोन खोल्यांतलं घर त्यांनी ओढलं. साडेअकरा पौंडांची पावती दप्तरात सापडते, घरातल्या काटकसरीची पावती कोण ठेवणार?

आता सगळी साखळी एकत्र बघा. एक शिक्षक, एक राजा, दुसरा राजा, एक दोस्त, स्वतःचा पगार आणि बायकोचा संसार. यातली एकही कडी हक्काची नव्हती. दिवाणाचं एक पत्र आलं आणि लंडनचा अभ्यास तुटला. भथेना नसते तर तो पुन्हा जोडला गेला असता का, सांगता येत नाही. अशी साखळी जुळणं लाखात एखाद्याला नशिबाने मिळतं.

ही गोष्ट बाबासाहेबांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार! म्हणून १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी लिनलिथगोंना जे निवेदन दिलं, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून रकमेची मागणी होती. राजाच्या मर्जीवरचा पैसा त्यांनी अंदाजपत्रकातली ओळ व्हावा म्हणून धरून लावलं. स्वातंत्र्यानंतर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आली. आपल्या राज्याची आज जी परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचं. जळगाव-धुळ्याच्या एखाद्या मुलीला आज केळुसकर गुरुजी भेटले नाहीत तरी अर्ज भरता येतो, एवढा फरक त्या मागणीने पडला.

पण ओळ असली म्हणजे सगळं झालं असं नाही, तिच्यातल्या अटीही वाचाव्या लागतात. २०२२ मध्ये केंद्राच्या या शिष्यवृत्तीच्या नियमांत एक कलम आलं. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी परदेशी जायला पैसे मिळणार नाहीत. आता १९१६ च्या मे महिन्यातला तो निबंध आठवा. विषय भारतातल्या जाती. एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारताच्या व्यापारावर. सयाजीरावांनी दहा वर्षांच्या नोकरीची अट घातली, पण काय शिकायचं यावर असला पहारा बसवला नव्हता. त्या कलमाखाली भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा अर्ज टेबलावर आला असता, तर कारकुनाने त्यावर काय शेरा मारला असता?

येत्या ३१ जुलैला लळिंगला जाल तेव्हा पदव्यांबरोबर हा हिशोबही पोरांना सांगा. साडेअकरा पौंड, पाच हजार उसने आणि परळच्या दोन खोल्या. आणि घरात बाहेर शिकायला जायची उमेद असलेलं कोणी असेल, तर त्याच्याबरोबर बसून शिष्यवृत्तीचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.