ज्योत आणि तेल

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी पाटणला माहेरी होते. संध्याकाळी वळीव कोसळला आणि साडेसातला लाइट गेली. तासाभरानं वायरमनदादा भिजल्या अंगानं गल्लीतून गेला. गाडी न थांबवताच ओरडून म्हणाला, "नदीपल्याड मेन लाइनवर आंबा पडलाय. झाड तोडायचं, तार ओढायची. आता उजाडल्यावरच बघा!"

समोरच्यांचा इन्व्हर्टर दहाच्या सुमारास पीं-पीं करून गप्प झाला. मग एकेक जण आमच्या ओट्यावर येऊन बसला. आईनं तुळशीपाशी पणती लावली होती, तेवढाच उजेड. कुणाच्या फोनमध्ये बारा टक्के, कुणाच्यात सात. समोरच्या काकूंच्या सुनेचे दिवस भरले होते, तिचा नवरा पुण्यात नोकरीला. तिच्या फोनमध्ये चार टक्के उरले होते आणि ती तो पालथा घालून मांडीवर धरून बसली होती.

माझ्या प्रवासाच्या पिशवीत पॉवरबँक होती. बटण दाबलं तर चारही ठिपके लागले. पाच घरं, सहा फोन आणि ही एक डबी.

शेजारचा कॉलेजातला मुलगा लगेच म्हणाला, "दहा हजारची आहे. फोन पाच हजारचे. म्हणजे दोन फोन फुल्ल!"

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारी शेजारची ताई मान हलवत म्हणाली, "हिशेब बरोबर, पण अर्धाच. दहा हजार हे आतल्या सेलचं माप. सेल पावणेचार व्होल्टचा, बाहेर द्यायचे पाच. चढवताना काही जातं, फोन गरम होतो त्यात काही जातं. हातात धरून बघ, गरम लागलं म्हणजे तेवढं वाऱ्यावर गेलं." तिनं डबी उलटी करून टॉर्चखाली धरली. मोठ्या आकड्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दुसरा आकडा छापलेला होता, सहा हजारांच्या आसपासचा. "खरा माल हा. दीड फोन भरेल. सहा जणांत वाटला तर प्रत्येकी पाव."

कोपऱ्यावरच्या मावशींनी तेवढ्यात आपलं मांडलं. "मग माझं वाफेचं मशीन आधी जोड की. रात्री दम लागला तर?" ताईनं त्यांना समजावलं, की ते भिंतीतल्या प्लगवर चालतं, या डबीला त्याची ओढ झेपायची नाही. मावशींना ते पटलं नाही. "फोनला चालतं आणि मला चालत नाही?" शेवटी आईनं आठवण केली, "तुमचा ओढायचा पंप आहे ना?" पंप निघाला. मावशी मात्र बराच वेळ घुश्शातच होत्या.

एवढा वेळ आप्पा खांबाला टेकून गप्प होते. आप्पा आमचे सख्खे कुणी नाहीत, पण गल्लीत सगळ्यांचे आप्पाच. तरुणपणी कोयनानगरला धरणाच्या कामावर होते.

"सदुसष्ट साली आमच्याकडं असाच एक कंदील उरला हुता," ते म्हणाले.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. कडाक्याची थंडी. जमिनीतून आधी आवाज आला, मग घरं बसली. कोयनानगरात उभं घर शोधावं लागत होतं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं त्या भूकंपात गेली. वीजघर बंद पडलं आणि इकडे कोयनेकाठी अंधार झाला तसा तिकडे मुंबईचाही वीजपुरवठा तुटला. आप्पांच्या चाळीत ज्यांच्याकडे कंदील होते त्यांच्या काचा फुटल्या. धड राहिला तो एकच.

"त्याच्यावरनं चिमण्या लावल्या. लागतील तेवढ्या लावल्या. एका ज्योतीनं धा ज्योती लागल्या तरी पहिली काय बारीक होत न्हाई. पण राकेल? राकेलचा एक डबा. ते वाटलं की कमी होतं. तवा आमच्या मुकादमानं ठरवलं, तेल सारखं वाटायचं न्हाई. जिथं माणूस खाली अडकलाय, तिथं कंदील आधी. बाकीच्यांनी वात उतरवायची."

माई, म्हणजे आप्पांच्या मंडळी, आतून म्हणाल्या, "तो कंदील माझ्या भावाचा होता." आप्पा म्हणाले, मुकादमाचा. हा वाद मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दोघांनाही तो कंदील स्वच्छ आठवतो, अगदी दांडीला गुंडाळलेल्या चिंधीसकट.

मग आमचंही ठरलं. सारखा पाव-पाव कुणालाच नको. सूनबाईंचा फोन आधी, निम्म्यापर्यंत. दुसरा आप्पांचा बटणांचा साधा फोन, कारण त्याची बॅटरी एवढीशी, हजारची. मोठ्या फोनला जेवढ्यात वीस टक्के चढतात तेवढ्यात तो पूर्ण भरतो आणि दोन दिवस टिकतो. नंतर मावशी. त्यांना मुंबईच्या मुलाला 'बरी आहे' एवढं कळवायचं होतं. आम्हा तिघांच्या वाट्याला उरलं तर.

ताईनं रीत घालून दिली. फोन बंद करून लावायचा, म्हणजे आलेलं सगळं बॅटरीत जातं. मिनिटं मोजायची नाहीत, टक्के बघायचे. टॉर्च कुणी लावायचा नाही, त्यासाठी पणती आहे. कॉलेजातल्या मुलानं मांडीवर वही घेऊन पणतीच्या उजेडात प्रत्येकाचा आकडा लिहिला. चौथा ठिपका विझला, तिसरा विझला.

दीडच्या सुमारास सगळ्या मोठ्या फोनांची रेंज एकदम गेली. "टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या," ताई म्हणाली. "आता फोन नुसता रेंज शोधत राहील आणि त्यातच चार्ज खाईल. विमानाचं चिन्ह दाबून ठेवा." एवढं मोजून वाटलेलं चार्जिंग हातात असून मुकं झालं. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी खिशातून फोन काढला. त्यांचं कार्ड वेगळ्या कंपनीचं. पडद्यावर एक दांडी होती. ती यायची, जायची.

तीननंतर सूनबाईंना कळा सुरू झाल्या. अंगणाच्या कडेला, जिथं दांडी टिकत होती तिथं उभं राहून आप्पांनी खालच्या आळीतल्या जीपवाल्याला फोन लावला. पहिल्यांदा तुटला, दुसऱ्यांदा लागला. पुण्याचा फोन लागेपर्यंत जीप दारात होती. आप्पांनी आपला फोन काकूंच्या हातात दिला. मी एक ठिपका उरलेली पॉवरबँक आणि वायर त्यांच्या पिशवीत घातली. माझ्या फोनमध्ये तेव्हा तीन टक्के होते.

उजाडलं तरी लाइट नव्हती. ती दुपारी आली. ताई म्हणते, सूनबाईंचा फोन आधी भरणं चुकलंच. कुणाचं कार्ड कोणत्या टॉवरचं हे आधी विचारायला हवं होतं. आप्पा म्हणतात, अडचणीतल्याला आधी दिलं, त्यात चूक कसली. अजून त्यांचं एकमत झालेलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकू बर्फी घेऊन आल्या. मुलगी झाली होती. बर्फीच्या डब्यावर पॉवरबँक ठेवलेली होती. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी बटण दाबलं. चारही ठिपके लागले.